सकाळी बोटे किती वेळ आखडलेली राहतात?

"डॉक्टर, हाताला वात आलाय, सकाळी बोटं वळतच नाहीत," अशी तक्रार घेऊन येणारे आमच्या दवाखान्यात रोज एक-दोघे तरी असतातच. त्यांत साठी ओलांडलेल्या आजी असतात, तशा पस्तिशीच्या सुनाही असतात. शिवणकाम करणारे असतात, खुरपणीला जाणाऱ्या बायका असतात. प्रत्येकाचा हात वेगळा, वय वेगळे, पण आजाराचे नाव मात्र सगळ्यांनी आधीच ठरवून आणलेले असते, ते म्हणजे 'वात'. नाव एक झाले की उपायही एकच होतो. तेल चोळायचे, शेक द्यायचा आणि फारच दुखले तर औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आणायची.

अडचण अशी, की या एका नावाखाली निदान दोन अगदी वेगळे आजार दडलेले असतात. एक आहे सांध्याच्या झिजेचा. त्याला आम्ही ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतो. दुसरा आहे सांध्यातल्या दाहाचा. त्यातला नेहमी आढळणारा म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे बरेच जण 'आमवात' म्हणतात. पहिल्यात घाई नसते. दुसऱ्यात मात्र सुरुवातीचे काही महिने फार मोलाचे असतात. ते तेल चोळण्यात गेले, तर वाकडी झालेली बोटे पुढे कोणत्याही औषधाने सरळ होत नाहीत.

म्हणून असा रुग्ण समोर बसला, की मी पहिला प्रश्न विचारतो, "सकाळी उठल्यापासून हात मोकळा व्हायला किती वेळ लागतो?" आजचा लेख या एका प्रश्नाभोवती आहे.

वेळ मोजायची कशी?

हा प्रश्न ऐकून बहुतेक जण म्हणतात, "बराच वेळ लागतो." त्यातून मला काही कळत नाही. मग मी घरातल्या कामांवरून विचारतो. उठल्या उठल्या दाराची कडी निघते का? दात घासताना ब्रश पकडता येतो का? चहाची कपबशी एका हाताने उचलता येते का? कणीक मळायला कधी जमते? शर्टाची बटणे कोण लावून देते? या उत्तरांतून वेळ आपोआप समजते. चहा होईपर्यंत हात सुटला असेल, तर ती दहा-पंधरा मिनिटे झाली. साडेपाचला उठून साडेसात वाजले तरी पोळी लाटता येत नसेल, तर ते दोन तास झाले.

आखडणे आणि दुखणे यांत थोडा फरक आहे, तोही लक्षात घ्या. आखडणे म्हणजे हात जड, सुजल्यासारखा, कोणीतरी घट्ट हातमोजा घातल्यासारखा वाटणे आणि मूठ पूर्ण न मिटणे. दुखणे दिवसभर राहू शकते. आपल्याला मोजायचे आहे ते आखडणे. उठल्यापासून मूठ नेहमीइतकी मिटेपर्यंतचा हा वेळ आहे.

झिजेच्या आजारात हा वेळ साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत असतो, पुष्कळदा पाच-दहा मिनिटेच. दाहाच्या आजारात तो तासाच्या पुढे जातो, कधी दुपारपर्यंतही रेंगाळतो. आणखी एक खूण म्हणजे, झिजेचा सांधा कामाने दुखतो आणि विश्रांतीने बरा वाटतो. धुणे पिळून झाल्यावर, दिवस सरता सरता त्रास वाढतो. दाहाच्या सांध्याचे उलटे असते. विश्रांतीनंतर तो जास्त आखडतो आणि हालचाल करता करता सुटत जातो. म्हणून रात्रभराच्या झोपेनंतरची सकाळ त्याला सर्वांत जड जाते.

सांध्याच्या आत काय घडते?

बोटाच्या सांध्यात दोन हाडांची टोके समोरासमोर येतात. त्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि तिच्या आतून पातळ अस्तर असते. हे अस्तर वंगणासारखा द्रव तयार करते.

झिजेच्या आजारात मुख्य बिघाड कूर्चेत असतो. वय, आनुवंशिकता, वर्षानुवर्षांचे काम यांमुळे ती पातळ आणि खडबडीत होते. शरीर आपल्या परीने दुरुस्ती करू पाहते आणि सांध्याच्या कडेला नवे हाड वाढवते. बोटांच्या टोकाशी दिसणाऱ्या कठीण गाठी म्हणजे हेच वाढलेले हाड. त्यात थोडा दाहही असतो, पण तो मर्यादित असतो.

रूमॅटॉइडमध्ये बिघाड अस्तरापासून सुरू होतो. आपली प्रतिकारशक्ती, जिने जंतूंशी लढायचे, ती या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजते, जाड होते, द्रव वाढतो. हे जाड झालेले अस्तर हळूहळू पसरते आणि सांध्याच्या कडेचे हाड आणि कूर्चा कुरतडू लागते. सांध्याला धरून ठेवणारे बंध सैल होतात आणि मग बोटे करंगळीच्या दिशेला झुकतात. हे सगळे एका दिवसात होत नाही, पण त्याची सुरुवात पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच झालेली असते.

मग त्रास सकाळीच का जास्त? त्याची दोन कारणे आहेत. रात्री हात हलत नाही, त्यामुळे सुजलेल्या भागात द्रव साचून राहतो. शिवाय दाह वाढवणारी काही रसायने शरीरात रात्रीच्या उत्तरार्धात जास्त तयार होतात. दाह आवरणारे आपले नैसर्गिक कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि पहाटे वाढू लागते. या रुग्णांत ते दाहाच्या मानाने अपुरे पडते. म्हणून हा हात उन्हे वर येईपर्यंत सुटत नाही.

एका घरातले दोन हात

एका घरातल्या सासू-सुनेचे उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. सून छत्तीस वर्षांची, घरी शिलाई मशीन चालवणारी. सासूबाईंचे वय चौसष्ट. दोघी एकदमच आल्या होत्या. सुनेने तोंड उघडण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, माझीही बोटं दुखतात, बघा कशा गाठी झाल्यात. तरी मी पहाटे उठून भाकरी टाकते. हिला मात्र आठपर्यंत काही उचलवत नाही म्हणे." सून खाली मान घालून बसली होती. घरात गेले तीन महिने यावरून काय चालले असेल, ते वेगळे सांगायला नको.

मी दोघींचे हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगितले.

सासूबाईंच्या बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांवर, म्हणजे नखाच्या अलीकडच्या पेरावर, वाटाण्याएवढ्या गाठी होत्या. दाबून पाहिल्या तर हाडासारख्या कठीण. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दाबल्यावर दुखत होते. बरणीचे झाकण फिरवताना तिथेच कळ येते, असे त्या म्हणाल्या. मुठीचे सांधे मात्र मोकळे होते. सकाळी हात किती वेळ आखडतो? "चूल पेटेपर्यंत," हे त्यांचे उत्तर.

सुनेच्या बोटांची टोके अगदी चांगली होती. सूज होती ती बोटे जिथे तळहाताला जोडली जातात त्या मुठीच्या सांध्यांवर आणि मधल्या पेरांवर, तीही दोन्ही हातांना. मूठ वळवली की मुठीवर जी टेकाडे आणि त्यांमधल्या खळगी दिसतात, त्या खळगी भरून गेल्या होत्या. सूज दाबली तर मऊ, रबरासारखी लागत होती. चारही बोटांच्या मुळांशी हात दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला, तशी ती कळवळली. मनगटेही सुजलेली होती. बांगड्या निघत नव्हत्या. पायाच्या चवड्याखालीही सकाळी खडे टोचल्यासारखे होते, हे तिने विचारल्यावर सांगितले. हात सुटायला लागणारा वेळ दोन तास. त्याशिवाय थकवा होता आणि वजन तीन किलोने उतरले होते.

सांगायचे तात्पर्य, कोणते सांधे धरले आहेत आणि सूज कठीण आहे की मऊ, हे वेळेच्या जोडीने पाहिले तर बरेचसे निदान टेबलावरच होते. टोकाचे सांधे आणि अंगठ्याचे मूळ बहुधा झिजेकडे बोट दाखवतात. मुठीचे सांधे, मधली पेरे आणि मनगटे दोन्ही बाजूंना सुजली असतील, तर दाहाचा संशय घ्यायचा. मधली पेरे दोन्ही आजारांत धरली जातात, म्हणून नुसत्या त्यांवरून ठरवू नये. टोकाचे सांधे सुजून मऊ लागत असतील आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे किंवा डोक्यात, कोपरावर खपल्यांचे चट्टे असतील, तर सोरायसिसचा संधिवात असू शकतो. तोही दाहाचाच प्रकार आहे.

तपासण्यांचा अर्थ

सुनेचे रक्त तपासले. ई.एस.आर. 58 आला, सी.आर.पी. वाढलेला होता आणि हिमोग्लोबिन दहाच्या आसपास. म्हणजे शरीरात दाह आहे. आर.ए. फॅक्टर मात्र निगेटिव्ह आला. तो कागद पाहून सासूबाई म्हणाल्या, "बघा, काहीच नाही निघालं." हा गैरसमज फार ठिकाणी आहे. रूमॅटॉइडच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या किंवा त्याहूनही थोड्या अधिक रुग्णांत हा फॅक्टर निगेटिव्हच असतो. उलट काही निरोगी वृद्धांत आणि दुसऱ्याच आजारांत तो पॉझिटिव्ह येतो. म्हणून नुसत्या त्या कागदावर आजार ठरत नाही आणि रद्दही होत नाही. अँटी-सी.सी.पी. नावाची दुसरी तपासणी अधिक नेमकी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर रूमॅटॉइडची शक्यता बरीच बळावते. सुनेची ती तपासणी ठळक पॉझिटिव्ह आली.

हाताचा एक्स-रे तिचा जवळजवळ स्वच्छ होता. सुरुवातीच्या महिन्यांत असेच व्हायला हवे, कारण हाड कुरतडले गेल्यावरच ते एक्स-रेत दिसते. स्वच्छ एक्स-रे म्हणजे आजार नाही असे नसून, अजून वेळ हातात आहे असा त्याचा अर्थ. सासूबाईंच्या एक्स-रेत मात्र सांध्यांमधली फट कमी झालेली आणि कडेला वाढलेले हाड स्पष्ट दिसत होते. आमच्याकडे बोटे दुखली की युरिक अ‍ॅसिड तपासून आणण्याची रीत पडली आहे. पण ते वाढल्याने होणारा गाऊट बहुधा पायाच्या अंगठ्यात, एकाएकी आणि जबर ठणक्याने सुरू होतो. दोन्ही हातांच्या मुठी हळूहळू आखडत असतील, तर त्या आकड्याने फारसे काही हाती लागत नाही.

वेळेच्या नियमालाही मर्यादा आहेत. 1987 च्या अमेरिकन निकषांत 'सकाळी निदान एक तास आखडणे' ही रूमॅटॉइडची एक खूण म्हणून नमूद होती. 2010 साली आलेल्या नव्या निकषांत ती ठेवलेली नाही, कारण दुसऱ्या आजारांतही हात आखडतो आणि काही रूमॅटॉइड रुग्णांत सुरुवातीला तास भरत नाही. तेव्हा तासाभराचे आखडणे ही डॉक्टरकडे जाण्याची खूण समजा, निदान समजू नका. आणि सांधे मऊ सुजले असतील, तर वेळ पाऊण तास असला तरी घरी थांबू नका.

काही विषाणूंच्या तापानंतरही सांधे असेच धरतात. 2006 च्या चिकुनगुनियाच्या साथीत महाराष्ट्राने हे भरपूर पाहिले. ताप चार दिवसांत गेला, पण हात महिनोन् महिने सुटले नाहीत. बहुतेक विषाणूंची सांधेदुखी काही आठवड्यांत ओसरते. म्हणून सूज सहा आठवड्यांच्या पुढे टिकली, तर आम्ही अधिक गंभीरपणे पाहतो. याचा अर्थ सहा आठवडे घरी बसावे असा नाही. दाखवायला लवकर यावे, अंतिम निदानाला थोडा वेळ लागू शकतो.

औषध आणि त्याची भीती

सुनेला मी शहरातल्या संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी मेथोट्रेक्सेट सुरू केले. आज या आजाराचे हे पहिले औषध मानले जाते. दुखण्याच्या गोळ्या ठणका कमी करतात, पण अस्तराचे कुरतडणे थांबवत नाहीत. मेथोट्रेक्सेट ते थांबवते किंवा पुष्कळ मंदावते. शक्यतो लक्षणे सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अशा औषधाची सुरुवात व्हावी, असा प्रयत्न असतो.

औषधाच्या दुकानात कोणीतरी तिला सांगितले, "हे कॅन्सरचं औषध आहे." ती घाबरून माझ्याकडे परत आली. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. कर्करोगात हेच औषध कितीतरी मोठ्या मात्रेत देतात. सांध्यांसाठी आठवड्याला दहा ते पंचवीस मिलिग्रॅम एवढीच मात्रा लागते, आणि रूमॅटॉइडसाठी अमेरिकेत त्याला 1988 सालीच मान्यता मिळालेली आहे.

यातली सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. आपल्याला रोज गोळी घ्यायची सवय असते, आणि इथेच घात होतो. रोज घेतल्यास आठवडाभरातच तोंड सोलते, ताप येतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात आणि जिवावर बेतू शकते. म्हणून मी चिठ्ठीवर वाराचे नाव मराठीत मोठ्या अक्षरांत लिहितो आणि घरातल्या आणखी एकाला समजावून सांगतो. सुनेचा वार ठरला रविवार. अडीच मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रविवारी, फॉलिक अ‍ॅसिडची एक गोळी मंगळवारी. कॅलेंडरवर खूण करण्याचे काम तिच्या मुलीने घेतले.

सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी करावी लागते. दारू पिणाऱ्याला हे औषध धोक्याचे. गरोदरपणात ते अजिबात चालत नाही, त्यामुळे मूल हवे असलेल्या स्त्रीने डॉक्टरांना आधीच सांगावे. तिच्यासाठी दुसरी औषधे आहेत. सुनेची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती, तो प्रश्न आला नाही. औषध घेताना कोरडा खोकला, धाप, तोंडात फोड किंवा ताप आला, तर पुढची मात्रा न घेता दवाखाना गाठायचा.

तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "काही फरक नाही, बंद करू का?" या औषधाला गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. बहुतेक जण नेमके या टप्प्यावर ते सोडतात. तिने सोडले नाही. दोन महिन्यांनी आखडणे पाऊण तासावर आले. मधे मात्रा पंधरा मिलिग्रॅमपर्यंत वाढवली होती. चार महिन्यांनी ते पंधरा मिनिटांवर आले आणि बांगड्या निघू लागल्या. औषध पुढेही चालूच आहे. बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद केले, तर आजार बहुधा परत उसळतो.

सासूबाईंना यातले काहीच द्यायचे नव्हते. कोमट पाण्यात हात शेकणे, दुखेल तेव्हा लावायचे मलम, कधी पॅरासिटामॉल, अंगठ्याला आधाराचा पट्टा आणि ओला कपडा पिळण्याऐवजी निथळत टाकणे, एवढ्यावर त्यांचे भागते. गाठी जात नाहीत, पण त्यांतले दुखणे पुष्कळदा काळाने निवते. त्यांना मी एवढेच म्हणालो, "मावशी, तुमचा वात आणि हिचा वात एक नाही. हिला सकाळी जमत नाही, ते खरंच जमत नाही."

पुड्यांविषयी

'दोन दिवसांत हमखास गुण' म्हणून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते. आखडणे जादूसारखे जाते, म्हणून विश्वास बसतो. आत दाह पुरता थांबलेला नसतो. काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. स्टिरॉइड स्वतः वाईट नाही. आम्हीही ते थोड्या मात्रेत, थोडे दिवस देतो, पण मोजून आणि कमी करत नेऊन. अशा पुड्या बरेच दिवस घेतल्या असतील, तर एकदम बंदही करू नका. रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

ज्यांची बोटे सकाळी आखडतात, त्यांनी या आठवड्यात एक करावे. वहीच्या पानावर सात दिवस दोन वेळा लिहून ठेवाव्यात, एक जाग आल्याची आणि दुसरी मूठ पूर्ण मिटल्याची. रात्री दुखण्याची गोळी घेतली असेल तर तेही लिहावे, कारण तिने वेळ कमी दिसते. शेजारी हाताचे चित्र काढून सुजलेल्या सांध्यांवर फुल्या माराव्यात. वेळ तासाच्या पुढे जात असेल किंवा मुठीचे सांधे मऊ सुजलेले असतील, तर ते पान घेऊन डॉक्टरकडे जावे. आमचे अर्धे काम त्या पानाने झालेले असते.